अनामत रकमेचे कलम सोप्या मराठीत कसे लिहावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, शिरपूर या बाजूने भाड्याच्या घराबद्दल जे प्रश्न येत राहतात, त्यातले बरेचसे शेवटी एकाच जागी येऊन थांबतात: घर सोडल्यावर अनामत परत कधी मिळणार आणि किती कापून मिळणार. करारात त्याचे उत्तर असते, पण ते अशा भाषेत की सही करताना कोणी वाचत नाही आणि भांडण झाल्यावर दोघेही आपापल्या सोयीने वाचतात. म्हणून या पानावर संपूर्ण करार न घेता फक्त हे एक कलम घेतले आहे.

१. आमच्या करारातले अनामतीचे कलम चार वेळा वाचले, तरी कळत नाही. त्यात नक्की काय लिहिलेले असते?

आपल्याकडे टायपिंगवाल्यांच्या संगणकात वर्षानुवर्षे फिरणारा मसुदा साधारण असा असतो:

> लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचेकडे बिनव्याजी अनामत म्हणून जमा केलेली रक्कम रुपये ३०,०००/- ही, सदरहू मिळकतीचा विनातक्रार, शांततापूर्ण व रिकामा कब्जा लिहून देणार यांस सुपूर्द केल्यानंतर, लिहून घेणार अगर त्यांचेतर्फे कोणाही इसमाचे कृती वा अकृतीमुळे सदर मिळकतीस पोहोचलेले नुकसान, थकीत परवाना शुल्क, वीज, पाणी आदी आकार व अन्य अनुषंगिक देणी यांची लिहून देणार यांस योग्य वाटेल तशी वजावट करून, वापरातील नैसर्गिक झीज वगळता, उर्वरित रक्कम असल्यास यथावकाश परत करण्यात येईल, व त्याबाबत लिहून घेणार यांची कोणतीही तक्रार वा हरकत चालणार नाही.

हे एकच वाक्य आहे. त्यात पाच वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत: किती रक्कम ठेवली, ताबा कधी दिला असे समजायचे, काय काय कापायचे, कधी परत करायचे, आणि वाद झाला तर काय. सोपे करायचे म्हणजे आधी या पाच गोष्टी सुट्या करायच्या. कठीण शब्द बदलणे हे नंतरचे काम आहे. शब्द सोपे करून वाक्य तसेच लांबलचक ठेवले, तर ते पहिल्याइतकेच अडेल.

२. मग सोपे कलम कसे दिसते? एक नमुना द्या ना.

वरच्याच कलमातून हे काढले आहे. यातले ‘मालक’ आणि ‘परवानाधारक’ म्हणजे कोण, ते कराराच्या सुरुवातीला नाव-पत्त्यासह एकदा सांगितलेले असावे.

> ५. अनामत रक्कम
>
> ५.१ परवानाधारकाने मालकाकडे ३०,००० रुपये (अक्षरी तीस हजार) अनामत ठेवली आहे. ही अनामत बिनव्याजी आहे.
>
> ५.२ परवानाधारकाने आपले सर्व सामान काढून घराच्या सर्व किल्ल्या मालकाला दिल्या, की त्या दिवशी ताबा दिला असे धरले जाईल.
>
> ५.३ मालक अनामतीतून फक्त पुढील रकमा कापू शकेल:
> (क) ताबा दिल्याच्या दिवसापर्यंतचे न भरलेले परवाना शुल्क;
> (ख) ताबा दिल्याच्या दिवशीच्या मीटर रीडिंगपर्यंतचे न भरलेले वीजबिल;
> (ग) परवानाधारक, त्याच्या घरात राहणारे किंवा त्याचे पाहुणे यांनी घराचे जे नुकसान केले, त्याच्या दुरुस्तीचा प्रत्यक्ष झालेला खर्च.
>
> ५.४ रोजच्या नेहमीच्या वापराने झालेली झीज हे नुकसान नव्हे. उदाहरणार्थ, रंग फिका पडणे, नळाचा वायसर झिजणे, दाराच्या कड्या सैल होणे.
>
> ५.५ मालक ताबा मिळाल्यापासून, तो दिवस सोडून, १५ दिवसांच्या आत कापलेल्या प्रत्येक रकमेचा लेखी हिशेब पावत्यांसह देईल आणि उरलेली रक्कम परवानाधारकाच्या बँक खात्यात जमा करील.

पाणीपट्टी मालक भरत असेल तर ती (ख)मध्ये घालायची नाही, आणि परवानाधारक भरणार असेल तर घालायची. नमुना जसाच्या तसा उतरवू नका. तुमचे जे तोंडी ठरले आहे तेच कागदावर आले पाहिजे.

३. सोपी भाषा कोर्टात टिकते का? आमचे ओळखीचे म्हणतात, कायद्याची भाषाच लागते.

करार अमुक शब्दांतच लिहिला पाहिजे असे बंधन कायदा घालत नाही. बघितले जाते ते अर्थ निश्चित आहे का. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २९ नुसार ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो निरर्थक ठरतो. या कसोटीवर ‘यथावकाश’ आणि ‘अन्य अनुषंगिक देणी’ हेच शब्द कच्चे आहेत, ‘१५ दिवसांच्या आत’ नाही.

दुसरी गोष्ट, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली घर परत मिळवण्यासाठी अर्ज होतो, तेव्हा लेखी लिव्ह अँड लायसन्स करारात जे नमूद आहे ते त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा धरले जाते. ‘आमचे तोंडी वेगळे ठरले होते’ हे तिथे फारसे कामाला येत नाही. म्हणून सही करणाऱ्याला कळेल असेच लिहिलेले दोघांच्याही हिताचे.

४. सगळेच जुने शब्द काढून टाकायचे का?

नाही. काही शब्दांचा अर्थ ठरलेला आहे आणि तो सर्वांना कळतोही. ‘बिनव्याजी’ ठेवा, ‘ताबा’ ठेवा, ‘अनामत’ ठेवा. त्यांच्या जागी लांब स्पष्टीकरण घातले तर नवीन फट तयार होते.

सगळ्यात मोठा सापळा ‘भाडे’ या शब्दाचा आहे. बोलताना आपण भाडे, भाडेकरू, घरमालक असेच म्हणतो, त्यामुळे सोपे करायला बसले की हात पहिल्यांदा तिकडेच जातो. पण लिव्ह अँड लायसन्समध्ये घर वापरण्याची फक्त परवानगी दिली जाते, जागेत हक्क निर्माण होत नाही. ‘परवाना’ची ही व्याख्या भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. भाडेकरूचे हक्क वेगळे असतात, त्याला घराबाहेर काढण्याची प्रक्रियाही वेगळी असते. करारावर वर ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहायचे आणि आत प्रत्येक कलमात ‘भाडेकरू’ व ‘भाडे’ लिहायचे, तर हा नक्की कोणता व्यवहार, यावर वाद घालायला आपणच जागा करून देतो. म्हणून नमुन्यात ‘परवानाधारक’ आणि ‘परवाना शुल्क’ हे जड वाटणारे शब्द मुद्दाम ठेवले आहेत. पहिल्यांदा येतील तिथे एका ओळीत अर्थ सांगा, आणि मग शेवटपर्यंत तेच वापरा.

५. कोणते शब्द नक्की बदलायचे?

‘अगर’ आधी काढा. जुन्या दस्तांच्या मराठीत त्याचा अर्थ ‘किंवा’ आहे. आपल्याकडे हिंदी सतत कानावर असते, त्यामुळे तरुण मंडळी तो ‘जर’ असा वाचतात आणि वाक्याचा अर्थच फिरतो. ‘कब्जा’ म्हटले की आता बेकायदा बळकावणेच डोळ्यासमोर येते, तिथे ‘ताबा’ लिहा. ‘सदरहू मिळकत’ म्हणजे ‘हे घर’, फक्त घराचा गट किंवा सर्व्हे नंबर, मजला, खोल्या हे आधी एकदा पूर्ण लिहिलेले हवे.

‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांत तर जाणकारांचाही गोंधळ होतो, कारण अनामत देणारा माणूस इथे ‘लिहून घेणार’ असतो. मात्र ‘मालक’ हा शब्द घालण्याआधी विचार करा. घर आजोबांच्या नावावर, राहतात काका आणि करार करतो पुण्यात नोकरी करणारा मुलगा, असे आपल्याकडे खूप घरांत असते. तिथे करार करणाऱ्याला मालक म्हणणे खोटे ठरेल. ‘परवाना देणारा’ लिहा आणि तो कोणत्या अधिकाराने करार करतो, उदाहरणार्थ कुलमुखत्यारपत्राने, तेही लिहा.

६. ‘परत करण्यात येईल’ यात काय चूक आहे?

कोण परत करील, ते त्यात नाही. ‘मालक परत करील’ असे लिहिले की जबाबदारी एका माणसावर येते. तसेच ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यातला फरक पाळा. ‘करील’ हे बंधन आहे, ‘करू शकेल’ ही मुभा. कपात करायची की सोडून द्यायची ही मालकाची मुभा, म्हणून ५.३ मध्ये ‘कापू शकेल’. हिशेब देणे आणि पैसे परत करणे हे बंधन, म्हणून ५.५ मध्ये ‘देईल’ आणि ‘करील’.

७. एका ठिकाणी ‘फक्त’ आणि दुसरीकडे ‘उदाहरणार्थ’ का?

कपातीची यादी बंद हवी, झिजेची यादी उघडी हवी. कपातीच्या यादीत ‘इत्यादी’ किंवा ‘आदी’ आले की ती यादी उरत नाही, साफसफाईपासून दलालीपर्यंत काहीही त्यात बसवता येते. म्हणून तिथे ‘फक्त’. झीज मात्र शंभर प्रकारची असते, ती सगळी मोजता येत नाही. तिथे दोन-तीन नेमकी उदाहरणे दिली की त्या जातीच्या बाकीच्या गोष्टी त्यात येतात.

जुन्या कलमात ‘वापरातील नैसर्गिक झीज वगळता’ हे शब्द कुठे बसले आहेत ते पुन्हा पाहा. ते यायला हवे होते ‘नुकसान’ या शब्दाजवळ, पण आले आहेत ‘उर्वरित रक्कम’ या शब्दांजवळ. तसे वाचले तर झिजेची किंमतही उरलेल्या रकमेतून वगळायची, असा उलटाच अर्थ निघतो. लांब वाक्यात अट आपल्या जागेवरून अशी सरकते. तिला वेगळे वाक्य दिले की हा धोका संपतो, आणि नमुन्यात ५.४ वेगळे आहे ते यासाठीच.

८. उन्हाळ्यात कूलर लावला, भिंतीला ओल आली. मालक म्हणतात नुकसान, आम्ही म्हणतो झीज. कोणाचे खरे?

खानदेशात हा प्रश्न दर जूनमध्ये येतो, आणि साच्यातल्या कलमात त्याला उत्तर नसते, कारण तो साचा आपल्या उन्हाकडे बघून कोणी लिहिलेला नाही. मार्च ते जून घरोघरी खिडकीला कूलर असतो. टाकी काठोकाठ भरली, ताट्यांमधले गवत जुने झाले किंवा कूलर आत झुकलेला असला, तर पाणी खिडकीखालच्या भिंतीवरून ओघळत राहते. बोअरचे पाणी जड असेल तर भिंतीवर पांढरे क्षार येतात, पुट्टी फुगते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.

कूलर वापरणे हा इथला नेहमीचा वापर आहे, म्हणून ‘झीज’ म्हणणाऱ्याची बाजू अगदीच चुकीची नाही. पण पाणी ओघळू न देणे वापरणाऱ्याच्या हातात असते, त्यामुळे माझ्या मते हे नुकसानीतच धरावे. मात्र मत कुणाचेही असो, ते आधी लिहून ठेवणे महत्त्वाचे. नमुन्याच्या ५.४ पुढे एवढे जोडा:

> कूलरच्या पाण्याने खिडकीच्या आजूबाजूला आलेली ओल हे नुकसान धरले जाईल. छतातून, बाहेरच्या भिंतीतून किंवा आतल्या पाइपमधून आलेली ओल परवानाधारकाने केलेले नुकसान धरली जाणार नाही.

दुसरे वाक्य गाळू नका. कूलरची ओल खिडकीच्या चौकटीपासून खाली उतरते आणि कूलर बंद झाला की वाळू लागते. छताची ओल पावसाळ्यात, वरून किंवा कोपऱ्यातून सुरू होते. राहायला जाताना प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सॲपवर ठेवा, म्हणजे आधीपासून असलेली ओल कोणाच्या माथी मारली जाणार नाही.

९. पैशांचा हिशेब प्रत्यक्षात कसा बसतो? एक उदाहरण करून दाखवा.

समजा, जळगावात दोन खोल्यांचे घर, अनामत ३०,००० रुपये, दोन वर्षे राहून ३१ मे रोजी किल्ल्या दिल्या. परवाना शुल्क सगळे भरलेले आहे. मीटर रीडिंगनुसार विजेचे १,६४० रुपये बाकी निघतात. कूलरमुळे एका भिंतीला ओल आली आहे, तेवढी भिंत घासून पुट्टी व रंग करायला कारागीर ३,२०० रुपये घेतो. मालकांना पूर्ण खोली रंगवायची आहे, तिचा खर्च ९,००० रुपये.

जुन्या कलमात ‘योग्य वाटेल तशी वजावट’ असल्यामुळे मालक ९,००० कापून १९,३६० रुपये हातावर ठेवतील, आणि कलमाकडे बोट दाखवतील. नव्या कलमात खराब झालेल्या भिंतीचा प्रत्यक्ष खर्च तेवढाच कापता येतो. बाकीच्या तीन भिंतींचा रंग दोन वर्षांत फिका पडला ती ५.४ मधली झीज. म्हणजे ३०,००० वजा १,६४० वजा ३,२००, परत मिळायचे २५,१६० रुपये. फरक ५,८०० रुपयांचा, आणि तो फक्त ‘प्रत्यक्ष झालेला खर्च’ या शब्दांनी पडला.

मुदत मोजताना ३१ मे सोडायचा. पहिला दिवस १ जून, शेवटचा १५ जून. ‘तो दिवस सोडून’ हे शब्द त्यासाठी आहेत. ते नसले की १४ की १५ यावरून विनाकारण वाद होतो.

१०. शेवटचे वीजबिल नंतर येते. तोपर्यंत मालकाने अनामत अडवून ठेवायची का?

गरज नाही. किल्ल्या देताना मीटरच्या आकड्याचा फोटो दोघांनी मिळून काढायचा, मागच्या बिलातले रीडिंग वजा करायचे, आणि मागच्या बिलात एकूण रकमेला युनिटनी भागून जो दर येतो त्याने गुणायचे. ‘मागच्या तीन बिलांची सरासरी’ असे कलम काही जण घालतात, पण मे महिन्यात घर सोडणाऱ्यासाठी ते चुकते. फेब्रुवारीचे बिल कूलरशिवायचे असते, त्यामुळे सरासरी खाली येते आणि मालकाला खिशातून भरावे लागते. युनिट वाढले की दराचा टप्पाही वाढतो, तेव्हा माझ्या पद्धतीतही थोडा फरक राहतोच. तो सोडून द्यायचा की बिल आल्यावर सात दिवसांत पुरा करायचा, हे एका वाक्यात ठरवून टाका.

११. ‘कोणतीही तक्रार चालणार नाही’ हे वाक्य तुमच्या नमुन्यात का नाही?

कारण ते टिकत नाही. आपला हक्क नेहमीच्या कायदेशीर मार्गाने मागायला पूर्ण बंदी घालणारी अट करार कायद्याच्या कलम २८ नुसार निरर्थक असते. तरीही ते वाक्य छापलेले पाहून कितीतरी जण ‘आपणच सही केली’ म्हणत गप्प बसतात. ते काढून टाकल्याने मालकाचे काहीही जात नाही.

१२. मालकाने उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये दंड, असे लिहू का?

लिहिता येते, पण तेवढे मिळतीलच असे धरू नका. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार कोर्ट लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई देते, पूर्ण दंड द्यायलाच हवा असे नाही. त्यापेक्षा ‘१५ दिवसांनंतर, परत करायच्या रकमेवर वार्षिक १२ टक्के दराने व्याज’ हे समर्थनीय आहे. प्रश्न ९ मधल्या २५,१६० रुपयांवर ते दिवसाला आठ रुपयांच्या आसपास पडते. रक्कम छोटी आहे, पण उशिराची तारीख कागदावर पक्की होते. आणि हे घातलेत तर ५.१ मधल्या ‘बिनव्याजी’पुढे ‘कलम ५.५ ची मुदत संपेपर्यंत’ असे जोडा, नाहीतर दोन वाक्ये एकमेकांच्या विरोधात जातील.

१३. शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे अनामतीतून वळते करून घ्या, असे म्हणता येते का?

करारात तसे लिहिले असेल तरच. ५.३ (क) ही मालकाला दिलेली मुभा आहे. दरमहा शुल्क न भरण्याची सवलत ती परवानाधारकाला देत नाही. बरेच जण हे गृहीत धरतात, म्हणून स्पष्टच लिहिलेले बरे: ‘परवानाधारक दरमहाच्या शुल्काऐवजी अनामत वळती करा असे सांगू शकणार नाही.’ त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य लागते, जे जुन्या कलमात ‘असल्यास’ या शब्दात दडले होते: ‘कपात अनामतीपेक्षा जास्त झाली, तर हिशेब मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत परवानाधारक फरक भरील.’

१४. अनामत हातात पडेपर्यंत किल्ल्या द्यायच्याच नाहीत, हे चालेल का?

मुदत संपल्यावर राहणे महागात पडते. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याला परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. तुम्हाला मालकाचा भरवसा नसेल तर ते आधीच, कलमाच्या क्रमात सोडवा. ‘ताबा दिल्यानंतर १५ दिवसांत’ऐवजी असे लिहा: ‘ताबा देण्याच्या सात दिवस आधी दोघे मिळून घर पाहतील व हिशेब लिहून सही करतील, किल्ल्या देतानाच मालक उरलेली रक्कम बँक खात्यात जमा करील.’ लहान घर आणि दोघे एकाच गावात असतील तर मला हीच रचना जास्त चांगली वाटते. मालक बाहेरगावी असेल तर १५ दिवसांची बरी.

१५. ११ महिन्यांचा करार आहे, नोटरी केली आहे. नोंदणी नसली तर या शब्दांचा उपयोग काय?

कमी होतो. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ११ महिन्यांना सूट नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. म्हणजे मालकाने कलम कितीही नेमके लिहिले, तरी नोंदणीशिवाय त्याचा आधार लंगडा.

१६. ऑनलाइन नोंदणीत मसुदा तयारच असतो. आमचे कलम कुठे घालायचे?

आपल्या अटी जोडायची सोय असते, तिथे. पण तयार मसुद्यात अनामतीबद्दल आधीच एखादे वाक्य असते, ते आधी वाचा. त्यात ‘ताबा देतेवेळी परत’ आणि तुमच्या अटीत ‘१५ दिवसांत’ असे झाले, तर एकाच करारात दोन उत्तरे होतात. अशा वेळी तुमच्या अटीची सुरुवात अशी करा: ‘अनामत परत करण्याबाबत या करारात इतरत्र काहीही असले, तरी पुढील अट लागू राहील.’ हे वाक्य थोडे वकिली आहे, पण त्याचे काम दुसरे कोणतेही सोपे वाक्य इतक्या थोडक्यात करत नाही.

१७. करार आधीच झाला आहे. मधेच कलम बदलता येते का?

दोघांची संमती असेल तर पुरवणी करार करून येते. मूळ कराराची तारीख व दस्त क्रमांक लिहायचा, ‘कलम ५ ऐवजी पुढील कलम वाचावे’ असे म्हणून नवे कलम पूर्ण द्यायचे, दोघांनी सह्या करायच्या आणि मूळ करार नोंदलेला असेल तर पुरवणीचीही नोंदणी करायची. नोंदलेल्या कागदावर पेनाने खाडाखोड करू नका.

१८. आमचे आप्पा अहिराणीच बोलतात. त्यांना कलम कळले आहे की नाही, हे कसे बघू?

सही करण्याआधी कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवा आणि मग त्यांनाच अहिराणीत सांगायला लावा: किल्ल्या कधी द्यायच्या, काय कापले जाणार, पैसे कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे. ते जिथे अडखळतील किंवा तुमच्यापेक्षा वेगळे सांगतील, ते वाक्य अजून पक्के झालेले नाही, ते पुन्हा लिहा. दस्त मात्र प्रमाण मराठीतच ठेवा, कारण तो उद्या नोंदणी कार्यालयात आणि गरज पडली तर कोर्टात परक्या माणसाने वाचायचा आहे. आप्पांना लिहिता-वाचता येत नसेल आणि ते अंगठा देणार असतील, तर ‘मजकूर वाचून व समजावून सांगितला’ असे त्याखाली लिहून, वाचून दाखवणाऱ्याची सही घ्या.